निर्दोष अपयशाची थोर परंपरा

सरकारी योजना फसतात, अशी कुरकुर आपल्याकडे वर्षानुवर्षे चालू आहे. कुरकुर करणारे एका गोष्टीचे श्रेय मात्र द्यायला विसरतात. योजना फसते, पण ती फसवणारा म्हणून कुणाचेही नाव पुढे येत नाही. मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत इतकी माणसे गुंतलेली असताना एकाच्याही अंगाला डाग न लागता काम बिघडवणे सोपे नव्हे. त्यासाठी दोन भक्कम सिद्धांत लागतात, आणि ते एकमेकांना कधी भेटणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते. आपल्या प्रशासनाने ही काळजी निष्ठेने घेतली आहे. तिचा यथोचित गौरव कुणीतरी करायला हवा होता, म्हणून हा लेखप्रपंच.

पहिला सिद्धांत वरून खाली पाहणाऱ्यांचा. त्याचे मूळ अमेरिकेत आहे. १९६६ साली तिथल्या केंद्र सरकारच्या एका खात्याने कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरासाठी सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर जाहीर केले. विमानांचा हँगर, बंदरावरचा धक्का अशी कामे काढायची आणि त्यातून बेकारांना, विशेषतः कृष्णवर्णीयांना, सुमारे ३,००० नोकऱ्या मिळवून द्यायच्या, असा बेत होता. विरोध कुणाचाच नव्हता, पैसाही मंजूर होता. तीन वर्षांनी हिशेब पाहिला तेव्हा सुमारे ३० लाख डॉलर खर्ची पडले होते, तेही मुख्यतः एका उड्डाणपुलावर आणि वास्तुविशारदांच्या शुल्कावर. जेफ्री प्रेसमन आणि आरन विल्डाव्हस्की या दोन अभ्यासकांनी १९७३ साली या प्रकरणावर पुस्तक लिहिले. त्यांनी निर्णयाचे ३० टप्पे मोजले आणि त्या टप्प्यांवर वेगवेगळ्या कचेऱ्यांकडून मिळवाव्या लागणाऱ्या ७० संमती.

त्यातले गणित कुठल्याही अधिकाऱ्याने तसबिरीत लावावे असे आहे. प्रत्येक टेबलावर होकार मिळण्याची शक्यता शंभरात ९५ धरली, तरी ७० टेबले ओलांडून काम तडीस जाण्याची शक्यता शंभरात तीनही उरत नाही. ९९ धरली तरी ती निम्म्याच्या खालीच राहते. म्हणजे कुणीही वाईट नाही, सगळेच जवळजवळ नेहमी हो म्हणतात, आणि तरीही काम होत नाही. वर बसलेल्या माणसाला याहून सुखद निष्कर्ष कोणता असणार? धोरण उत्तम होते, साखळी लांब पडली. यावर उपायही ओघानेच येतो. हुकूम अधिक स्पष्ट करा, देखरेख वाढवा, आणखी एक नमुना भरून मागवा. त्या नमुन्यावर सही लागते, म्हणून साखळीत आणखी एक टेबल वाढते. एवढ्याशा गोष्टीवरून सिद्धांताला नावे ठेवणे बरे नव्हे.

दुसरा सिद्धांत खालून वर पाहणाऱ्यांचा. मायकेल लिप्स्की यांनी १९८० साली मांडले, की धोरण खरे ठरते ते खिडकीपाशी, जिथे शिक्षक, पोलीस, समाजसेवक प्रत्यक्ष माणसासमोर उभे असतात. हाताशी वेळ कमी, साधने कमी, माणसे फार, अपेक्षा परस्परविरोधी. मग खालचा कर्मचारी आपल्या परीने वाटा काढतो. कुणाला आधी घ्यायचे, कशाकडे काणाडोळा करायचा, कोणता नियम आज लागू नाही, हे तो ठरवतो, आणि त्याने रोज काढलेल्या या वाटांची बेरीज म्हणजेच नागरिकाच्या वाट्याला येणारे धोरण. खाली बसलेल्या माणसालाही हे ऐकून बरे वाटते. माझ्या हातात काय आहे, वरूनच असे आले, असे त्याला आता ग्रंथाच्या आधाराने म्हणता येते. लिप्स्की यांचे म्हणणे नेमके उलट होते. खालच्या माणसाच्या हातात बरेच काही असते, असे ते सांगत होते. पण ग्रंथाचा आधार घ्यायला ग्रंथ वाचावा लागतोच असे नाही.

या दोन सिद्धांतांचा सर्वांत देखणा संगम पाहायचा असेल, तर घराच्या मागच्या बाजूला जावे लागेल. ग्रामीण शौचालये हा आपल्या राज्यकारभाराचा एक अभिमानास्पद अध्याय आहे, आणि तो बराच जुना आहे. केंद्राने ग्रामीण स्वच्छतेचा कार्यक्रम १९८६ साली सुरू केला, १९९९ साली त्याला संपूर्ण स्वच्छता अभियान केले, २०१२ साली निर्मल भारत आणि २०१४ च्या गांधी जयंतीला स्वच्छ भारत. एकच काम चार नावांनी करावे लागले, यावरूनच त्यामागची चिकाटी दिसते. महाराष्ट्राने तर १९९७ ते २००० या काळात अनुदान देऊन लाखो शौचालये बांधली. नंतर पाहणी केली तेव्हा त्यांतली जवळपास निम्मी वापरातच नव्हती.

त्यानंतर एक चूक घडली. २००० साली, आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान निघाले. त्यात शौचालयासाठी अनुदान नव्हते. गावांची स्पर्धा होती, बक्षीस गावाला होते, आणि काय करायचे ते गावाने ठरवायचे होते. लोकांनी हातात झाडू घेतले, पदरचे पैसे घातले. वरून फक्त बक्षीस आणि खालून काम, असे हे उफराटे प्रकरण होते. सुदैवाने ते सावरले गेले. केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार आला, सर्वाधिक गावे महाराष्ट्राची निवडली गेली, आणि पुरस्काराचा फलक लागल्यावर अनेक गावांची पहाट पुन्हा पूर्वीच्याच वाटेने जाऊ लागली. फलक मात्र जागेवर राहिले.

स्वच्छ भारत अभियानात असा ढिलेपणा ठेवला गेला नाही. येथे प्रत्येक गोष्ट मोजता येत होती. २०१२ चे पायाभूत सर्वेक्षण हाताशी होते, शौचालयामागे १२,००० रुपयांचे प्रोत्साहन अनुदान होते, आणि मुदत ठरलेली होती, ती २ ऑक्टोबर २०१९. वरून पाहणाऱ्या अभ्यासकांनी यशाच्या ज्या अटी सांगितल्या आहेत त्यांतल्या बहुतेक येथे जुळल्या होत्या. ध्येय स्पष्ट, पैसा पुरेसा, राजकीय पाठबळ भरभक्कम. देशभरात दहा कोटींहून अधिक शौचालये उभी राहिली, हे खोटे नाही. त्या अटींच्या यादीत आणखी एक अट होती. केलेल्या कामातून हवा तो परिणाम का घडेल, याची समज बरोबर असली पाहिजे. एवढ्या मोठ्या यादीतली एखादी अट नजरेतून सुटली, तर ते समजून घ्यायला हवे.

आता हे काम एका गावात कसे झाले असेल, ते पाहू. समजा, ३०० कुटुंबांचे गाव आहे. सर्वेक्षणाच्या यादीत १८० घरांपुढे शौचालय नाही अशी नोंद आहे. यादी झाल्यानंतर काही भाऊ वेगळे निघाले, शेतावरच्या वस्तीत घरे वाढली, वीसेक कुटुंबे नवी झाली. ही कुटुंबे यादीत नाहीत, तेव्हा त्यांना शौचालय नाही हेही कुठे लिहिलेले नाही. ज्याची नोंद नाही त्याची उणीवही नाही. अशी कुटुंबे मोजायला पुढे वेगळी फेरी काढावी लागली, पण तोवर गाव शंभर टक्के झालेले होते.

या गावाचा ग्रामसेवक एकटाच. बहुधा त्याच्याकडे शेजारच्या गावाचाही कार्यभार आहे. घरपट्टी, पाणीपट्टी, दाखले, ग्रामसभा, टंचाईचे प्रस्ताव हे सांभाळून त्याला १८० शौचालये मार्चच्या आत हवी आहेत. गटविकास अधिकारी दर आठवड्याला आकडा विचारतात, कारण त्यांना जिल्हा परिषदेतून विचारणा होते, आणि जिल्हा परिषदेला मुंबईतून. विचारला जातो तो बांधकामाचा आकडा. वापर किती, असे कुणी विचारत नाही. त्यात गैर काही नाही, कारण वापराचा रकाना भरायचा तर पहाटे पाच वाजता गावात असावे लागते.

पाहिजे असतो तो फोटो. लाभार्थी दारासमोर उभा, मागे रंगवलेली भिंत, वर पत्रा, आणि फोटोसोबत अक्षांश-रेखांश. या फोटोची जितकी स्तुती करावी तितकी थोडी. शौचालय पृथ्वीच्या पाठीवर नेमके कोठे आहे ते त्यातून कळते. त्यात भांडे दिसत नाही, पाण्याची सोय दिसत नाही आणि खड्डा तर मुळीच दिसत नाही. फोटो चढला की अनुदान सुटते. आधी बांधा आणि मग पैसे घ्या, असा नियम असल्याने ज्याच्याकडे १२,००० रुपये आधीच आहेत त्याची अडचण होत नाही. ज्याच्याकडे नाहीत त्याच्यासाठी गावातला एखादा ठेकेदार सगळी एकदम बांधून देतो, आणि एकसारख्या मापाची ती रांग फोटोत शोभूनही दिसते.

आता त्या न दिसणाऱ्या खड्ड्याकडे वळू, कारण सगळी विद्या तिथेच पुरलेली आहे. सरकारने शिफारस केलेला नमुना दोन शोषखड्ड्यांचा आहे आणि तो खरोखर चांगला आहे. सुमारे एक मीटर व्यासाचे, तेवढेच किंवा थोडे अधिक खोल दोन खड्डे, आतून जाळीदार वीटकाम, तळ उघडा, मध्ये पाणी वळवण्यासाठी एक छोटे चेंबर. एका वेळी एकच खड्डा वापरायचा. पाच-सहा माणसांच्या घराचा तो काही वर्षांनी भरतो. मग चेंबरमधून वाट वळवून दुसरा सुरू करायचा. पहिला वर्ष-दोन वर्षे झाकून ठेवला की आत कोरडे, वास नसलेले खत तयार होते. ते घरच्या माणसाने फावड्याने काढावे आणि शेतात टाकावे. भांडेही खास तीव्र उताराचे, दीड-दोन लिटर पाण्यात साफ होणारे.

वरून पाहिले तर यात एकही चूक नाही. खालून पाहिले तर पहिला प्रश्न घरातूनच येतो, खड्डा भरला की उपसायचा कुणी? ज्या समाजाने हे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या डोक्यावर ठेवले, त्यातला माणूस खतासाठीसुद्धा त्या खड्ड्यात फावडे घालायला तयार नसतो. आणि ज्यांच्या डोक्यावर ते काम होते, त्यांनी ते नाकारले, हे त्यांचे योग्यच आहे. २०१३ च्या कायद्यानेही हाताने मैला उपसण्याला बंदी आहे. डायान कॉफी आणि डीन स्पीअर्स यांनी उत्तर भारतातल्या खेड्यांचा अभ्यास करून २०१७ साली पुस्तक लिहिले. त्यांना आढळले, की लोक स्वतःच्या पैशाने बांधतात तेव्हा खड्डा सरकारी मापाच्या पाचपट मोठा घेतात, म्हणजे एक पिढी तरी तो उपसायचा प्रश्न येऊ नये. सरकारी खड्डा लहान, म्हणजे लवकर भरणार, म्हणून तो जपून वापरायचा. जपून वापरण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग न वापरणे. २०१८ साली उत्तरेतल्या चार राज्यांत झालेल्या पाहणीत शौचालय असलेल्या घरांतल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या माणसांनी बाहेर जाणेच पसंत केलेले दिसले.

हा पेच दिल्लीला ठाऊक नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या स्वच्छता खात्याचे तेव्हाचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावी स्वतः एका भरलेल्या खड्ड्यात उतरले आणि त्यांनी तयार झालेले खत बाहेर काढून दाखवले. हे धैर्य खरेच कौतुकास्पद आहे. त्या दिवशी वरचा आणि खालचा सिद्धांत एकाच खड्ड्यात उभे होते. छायाचित्रे निघाली, आणि खाली ग्रामसेवकाच्या तक्त्यात रकाने होते तेवढेच राहिले.

खालच्या मंडळींनीही आपली कल्पकता दाखवली. गवंड्याने दोनऐवजी एकच खोल खड्डा घेतला, कारण घरधन्याला तोच हवा होता. तालुक्याच्या दुकानात मिळते ते सपाट भांडे बसवले, कारण तीव्र उताराचे मिळाले नाही. त्या भांड्याला दर वेळी बादलीभर पाणी लागते. मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घरात ते पाणी बाईने डोक्यावरून आणायचे असते, तेव्हा तिने भांड्यावर फळी टाकून आत सरपण रचले, तर तिने योजना मोडली असे वरून दिसते आणि पाणी वाचवले असे खालून. दोन्ही निरीक्षणे अचूक आहेत. ती एका बैठकीत एकत्र आली असती तर कुणालातरी भांड्याचा पुरवठा तपासावा लागला असता.

ग्रामसेवकाने काय केले तेही पाहू. त्याला गाव हागणदारीमुक्त दाखवायचे होते, साधन नव्हते. मग पहाटेचे गुड मॉर्निंग पथक निघाले. शिट्ट्या वाजल्या, गुलाबाची फुले दिली गेली, कुठे दंडाच्या पावत्या फाडल्या गेल्या. ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायची तर उमेदवार शौचालय वापरतो असा दाखला लागे, आणि तो देण्याचे काम ग्रामसेवकावर येई. एका माणसाने दुसऱ्याच्या इतक्या खाजगी सवयीची लेखी हमी द्यावी आणि निवडणूक अधिकाऱ्याने ती खरी मानावी, इतका परस्परविश्वास जगात फार थोड्या राज्यांत सापडेल. लिप्स्की म्हणतात ती वाट काढण्याची कला ती हीच. पण खालून येणारे सगळे शहाणपणच असते, असेही मानू नये. यादीत कोणती वस्ती शेवटी आली आणि ठेकेदाराने सर्वांत कच्चे काम कुठे केले, हेही गावातच ठरले. खालून वर पाहणाऱ्यांनी खालच्या माणसाची बाजू घेताना त्याच्याही खाली कोण उभे आहे, याची विचारपूस फारशी केली नाही. शिष्टाचार म्हणून ते ठीकच.

एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. गावाच्या घोषणेनंतर तीन महिन्यांत पहिली पडताळणी आणि पुढे सहाएक महिन्यांनी दुसरी, अशी तरतूद होती, आणि घोषणा वेळेत झाली. त्याच वर्षी जुलै ते डिसेंबर या काळात राष्ट्रीय नमुना पाहणीची माणसे घरोघर फिरली. त्यांच्या अहवालात ग्रामीण महाराष्ट्रातल्या सुमारे पाचातल्या एका कुटुंबाला शौचालयाची सोयच नव्हती. यावर वरून आलेला खुलासा विचार करायला लावणारा आहे. अनुदान मिळेल या आशेने लोक नाही म्हणत असावेत, असे सांगण्यात आले. हे अगदी अशक्य नाही. त्यात एक सोय मात्र आहे. नागरिक हो म्हणाला की ती योजनेची साक्ष आणि नाही म्हणाला की तो त्याचा लोभ.

रिचर्ड एलमोर नावाच्या अभ्यासकाने १९७९ सालीच एक उपाय सुचवला होता. धोरण शेवटच्या टोकापासून आखावे. आधी त्या एका ठिकाणी जावे जिथे हुकूम माणसाला भेटतो, तिथे कोणते वागणे बदलायला हवे ते पाहावे, ते बदलण्यासाठी त्या ठिकाणच्या माणसाला काय लागेल ते विचारावे, आणि मगच एकेक पायरी वर चढत प्रत्येक कचेरीकडे तेवढेच मागावे. आपल्या बाबतीत ही वाट खड्ड्यापासून सुरू झाली असती. खड्डा कोण उपसणार, भांडे कोठे मिळणार, पाणी कोण आणणार, ही तीन उत्तरे आधी आली असती आणि १२,००० चा आकडा त्यानंतर. वर चढताना साखळीतल्या कितीतरी संमती गळूनही पडल्या असत्या. परीक्षेत या मुद्द्यावर टीप लिहायला येते, आणि लिहिणारे पास होऊन जिल्ह्याला रुजू होतात. विचार चांगला असला की तो अभ्यासक्रमात ठेवतात, म्हणजे तो कामात मिसळत नाही.

वरून पाहणारा सिद्धांत हुकूम कोठे हरवला ते सांगतो, आणि खालून पाहणारा तो पोहोचल्यावर त्याचे काय झाले ते. दोन्ही एकत्र ठेवले तर दिसते, की पुष्कळदा हुकूम कोठेच हरवलेला नसतो. तो जसाच्या तसा पोहोचलेला असतो. वरून बांधकाम मागितले होते आणि खालून बांधकाम मिळाले. वापर कुणी मागितलाच नव्हता. हे कबूल करायचे तर अपयशाचा धनी शोधावा लागतो, आणि तो चुकार ग्रामसेवकात किंवा अडाणी गावकऱ्यात सापडत नाही. ज्याने तक्त्याचे रकाने आखले त्याच्यापाशी जावे लागते. असा अनुचित प्रसंग येऊ नये म्हणूनच दोन सिद्धांत दोन स्वतंत्र कपाटांत ठेवलेले बरे. वर तपासणी झाली की पहिले उघडायचे, खाली नोटीस आली की दुसरे.

तेव्हा सुज्ञ नागरिकांना एवढीच विनंती. पुढची योजना येईल, तिचाही तक्ता असेल, आणि ग्रामसभेत तो वाचून दाखवला जाईल. त्या वेळी उठून, बांधलेली किती हे कळले, वापरात किती आणि हे बघून कोण आले, असे कृपया विचारू नये. विचारलेत तर कुणालातरी खरेच बघायला जावे लागेल, आणि एकदा कुणी बघून आले की निर्दोष अपयशाची ही परंपरा त्याच दिवशी बंद पडेल.